बाबांची मान शांत झाली म्हणून आम्ही निश्चिंत झालो, आणि तिथेच चुकलो

धायरीकर

नमस्कार मंडळी. बरेच दिवस नुसता वाचनमात्र होतो, आज स्वतःच धागा काढतोय कारण डोक्यातून एक गोष्ट जात नाहीये.

बाबा ७१ वर्षांचे. भोसरीच्या एका फाउंड्रीत तीस वर्षं काढली, जोडीला सिगरेट, ती आता बंद आहे पण व्हायचं ते झालंच, सीओपीडी, म्हणजे श्वासाच्या नळ्या कायमच्या अरुंद होण्याचा आजार. घरी ऑक्सिजनचं कॉन्सन्ट्रेटर मशीन आहे, छातीच्या डॉक्टरांनी दीड लिटरवर ठेवायला सांगितलंय. डिसेंबरात सर्दी झाली आणि दोन दिवसांत धाप वाढली. त्या रात्री नऊच्या सुमारास बाबा पलंगाच्या कडेला बसलेले, दोन्ही हात गुडघ्यांवर, मानेच्या दोन्ही बाजूंना दोऱ्या ओढल्यासारख्या ताठ, गळपट्टीच्या हाडांच्या वर प्रत्येक श्वासाला खड्डा पडायचा. "पाणी... दे" एवढंच बोलता येत होतं. आईने घड्याळ लावून मोजले, मिनिटाला ३२ श्वास. ऑक्सिमीटर ८४ दाखवत होता.

नेब्युलायझर दिलं. आणि मी मशीन दीडवरून थेट पाचावर नेलं, आमचं मशीन तेवढंच जातं. एक वाजता ऑक्सिजन ९६. अडीचला मानेच्या दोऱ्या सैल, श्वास १६, बाबा उशीला टेकून झोपलेले, घोरत होते. आईने देवाला हात जोडले, आम्ही चहा करून प्यायलो आणि आडवे झालो.

पहाटे पाचला बाबा उठेचनात. हलवलं तर काहीतरी असंबद्ध बोलले, हात पुढे धरले की पंजे फडफडत होते. १०८ ला फोन केला. हॉस्पिटलात मनगटातून रक्त काढून गॅस तपासला, पीएच ७.२१ आणि कार्बन डायऑक्साइड ८४. बायपॅप लावलं, म्हणजे मास्कमधून दाबाने हवा आत ढकलणारं मशीन. आठवड्याने घरी आले, आता ठीक आहेत.

माझा प्रश्न एवढाच. मानेचे स्नायू ताठ म्हणजे त्रास, हे मला कळलं होतं. मग ते सैल पडले, आकडा सुधारला, श्वास कमी झाले, म्हणजे आराम असायला हवा ना? मी नक्की कुठे चुकीचं वाचलं?

---

पेठेतला_पुणेकर

आधी बाबांना नमस्कार सांगा. आणि चहाबद्दल स्वतःला दोष देऊ नका, पुण्यात रात्री तीनला घरचाच चहा मिळतो.

---

कर्वेनगरची_आई

मानेच्या स्नायूंचा मलाही फार त्रास आहे. दिवसभर लॅपटॉप, संध्याकाळी डावी बाजू नुसती दगड. शेक घेतला की दोन तास बरं वाटतं. तुमच्या बाबांना उशी बदलून बघा, मला त्याने फरक पडला.

---

पेठेतला_पुणेकर

@कर्वेनगरची_आई, धागा श्वासाचा आहे हो, उशीचा नाही :)

---

जिमबाबा_कोथरूड

भाऊ सोपं आहे. माणूस पोटाने श्वास घ्यायचं विसरतो आणि मानेने घ्यायला लागतो. डायफ्रॅम वीक झालेला असतो. आमच्याकडे क्लायंट येतात त्यांना मी झोपवून पोटावर अडीच किलोची प्लेट ठेवतो आणि ती वर उचलत श्वास घ्यायला लावतो, महिनाभरात मान मोकळी. बाबांना पण बेली ब्रीदिंग चालू करा, मान आपोआप शांत होईल.

---

छातीफिजिओ

जिमबाबा, प्लेट कृपया बाबांच्या पोटावर ठेवायला सांगू नका. का ते सांगते.

मी फिजिओथेरपिस्ट आहे, वीसेक वर्षं छातीच्याच पेशंटांबरोबर काम केलंय. धायरीकर, तुमचं अर्धं वाचन बरोबर होतं, म्हणून आधी त्या अर्ध्याबद्दल.

शांत बसलेल्या माणसाचा श्वास बहुतांशी डायफ्रॅम ओढतो. छाती आणि पोटाच्या मधला तो पडदा, घुमटासारखा. आकसला की घुमट खाली सरकतो, पोट थोडं पुढे येतं, हवा आत. बाहेर सोडायला तर काही करावंच लागत नाही, ताणलेलं फुफ्फुस रबरासारखं आपोआप मागे येतं. सीओपीडीत अडचण अशी की हवा आत जाते पण नळ्या अरुंद असल्यामुळे वेळेत बाहेर येत नाही. पुढचा श्वास येतो तेव्हा आधीची थोडी अजून आतच असते. छाती फुगलेलीच राहते आणि त्या फुगलेल्या छातीखाली घुमट सपाट होतो, ताटासारखा. आता हा सपाट पडदा आकसला तरी खाली जाणार कुठे? म्हणजे तो आळशी नाही किंवा श्वास विसरला नाही, त्याची जागाच गेली. मग काम मानेवर येतं. कानामागच्या हाडापासून छातीच्या मधल्या हाडापर्यंत आणि गळपट्टीच्या हाडापर्यंत तिरका उतरणारा जाड स्नायू, ती तुमची दोरी. तो छातीचं हाड वर उचलतो. त्याच्या मागे खोल तीन पातळ स्नायू आहेत, ते मानेच्या मणक्यांपासून पहिल्या दोन बरगड्यांना लागतात आणि त्यांना वर ओढतात. अशा माणसाला जबरदस्तीने पोटाने श्वास घ्यायला लावला तर कधी कधी धाप वाढतेच. ताटाला घुमट व्हायला सांगून तो होत नाही.

घरी एक करून बघा. बाबांच्या मागे उभे राहा, दोन्ही तळवे खालच्या बरगड्यांवर ठेवा, अंगठे मध्ये पाठीच्या कण्याजवळ आणा. त्यांना खोल श्वास घ्यायला सांगा आणि अंगठे कुठे जातात ते बघा. मग तेच स्वतःवर, आईला करायला सांगा.

बाकीचं अर्धं संध्याकाळी, आता ओपीडी आहे.

---

तळजाई_वॉकर

इथे माझा प्रश्न घुसडतो, माफ करा. वय ५४, दर रविवारी आतकरवाडीतून सिंहगड. शेवटच्या चढाला मी पण कमरेत वाकून गुडघ्यावर हात टेकतो, बायकोने परवा फोटो काढला त्यात मानेच्या शिरा अगदी पैलवानासारख्या. तेव्हापासून ती म्हणते डॉक्टरला दाखवा. वर पोचून पिठलं-भाकरी येईपर्यंत मी एकदम नॉर्मल असतो. हे पण तेच का?

---

छातीफिजिओ

@तळजाई_वॉकर, यंत्रणा तीच, अर्थ वेगळा. शांत बसलेला माणूस मिनिटाला सहा ते आठ लिटर हवा हलवतो, खड्या चढावर त्याच्या दहा पट सहज लागते. एवढी हवा एकट्या डायफ्रॅमला झेपत नाही, कोणाचीही मान मदतीला येते. खेळाडूंची तर येतेच. तुमची गरज वाढली म्हणून मान आली आणि गरज संपल्यावर पाच मिनिटांत गेली. धायरीकरांच्या बाबांनी काही चढलं नव्हतं, पलंगावर बसल्या बसल्या मान कामाला लागली होती, काळजी त्याची.

गुडघ्यावर हात का जातात तेही सांगते कारण मला ते फार आवडतं. छातीवरचा मोठा स्नायू एका टोकाला दंडाला आणि दुसऱ्या टोकाला छातीला लागलेला. एरवी तो छाती धरून दंड ओढतो. तुम्ही हात गुडघ्यावर घट्ट रोवलात की दंड हलू शकत नाही, मग तोच स्नायू उलट छाती ओढतो. दोरीचं कोणतं टोक बांधलंय एवढाच फरक. कोणी शिकवलेलं नसतं, चढावरच्या सगळ्यांना आपोआप सुचतं. भाकरी येईपर्यंत नॉर्मल होताय तर ठीक, पण पुढच्या वर्षी त्याच चढाला भाकरी संपेपर्यंत लागायला लागलं तर मात्र बायकोचं ऐका.

---

तळजाई_वॉकर

बायकोचं ऐका, हे वाक्य तिने स्क्रीनशॉट काढून फॅमिली ग्रुपवर टाकलं. धन्यवाद.

---

स्वरसाधना

आमच्या बाई गाताना खांदा जरा उचलला की पट्टी मारायच्या. "खांद्याने गाशील तर तिसऱ्या तानेत बसशील" असं म्हणायच्या. आता कळतंय की मानेचे स्नायू तिथे कामाला लावले की गळाच आवळतो. पण एक विचारू का, लांब तान घेताना माझं पोट घट्ट होतं ते श्वास सोडताना. इथे तर म्हटलंय सोडायला काही करावं लागत नाही.

---

छातीफिजिओ

शांत सोडायला नाही लागत. गाणं, खोकला, फुगा फुगवणं, मेणबत्ती विझवणं, यात पोटाचे स्नायू आत दाबतात आणि डायफ्रॅमला खालून वर ढकलतात. तुमची तान तशीच निघते.

बाबांचंही त्या रात्री पोट प्रत्येक उच्छ्वासाला घट्ट होत असणार, धायरीकरांनी बघितलं नसेल. पण तिथे फसवणूक आहे. तुमच्या नळ्या मोकळ्या आहेत म्हणून जोर लावला की आवाज निघतो. त्यांच्या नळ्या मऊ पडलेल्या, बाहेरून छातीचा दाब वाढला की त्याच चेपतात. जितका जोर लावाल तितकी हवा अडकते. म्हणून आम्ही ओठांचा चंबू करून हळू सोडायला शिकवतो, तोंडाशी थोडा अडथळा ठेवला की आतल्या नळ्या उघड्या राहायला मदत होते. बऱ्याच पेशंटांना ते आधीपासूनच येत असतं, शीळ घातल्यासारखं.

---

नाईट_ड्यूटी

मी आयसीयूत नर्स. धायरीकर, तुमची गोष्ट आम्ही महिन्यातून दोनदा बघतो. तुम्ही ऑक्सिजन पाचावर नेला तिथे चूक झाली. अशा पेशंटना श्वास घ्यायची चालना कमी ऑक्सिजनमुळे मिळत असते, ऑक्सिजन भरपूर दिला की मेंदू म्हणतो आता गरज नाही आणि श्वास बंद पडत जातो. आमच्याकडे अशांचा आकडा ८८ ते ९२ मध्येच ठेवायचा असा बोर्डच लावलाय.

---

धायरीकर

म्हणजे मीच केलं ते? ८४ दिसल्यावर काय करायला हवं होतं, बघत बसायचं?

---

निवृत्त_चेस्टवाला

धायरीकर, थांबा. नाईट_ड्यूटी ताईंचा आकडा बरोबर, कारण अर्धवट. मी छातीरोगाची प्रॅक्टिस करून आता नातवंडं सांभाळतो, त्यामुळे वेळ आहे.

ऑक्सिजन जास्त झाला की श्वासाची चालना बंद पडते हे आम्हालाही कॉलेजात असंच शिकवलं होतं. थोडा भाग त्याचा असतोही. पण मोठा भाग दुसरा आहे. फुफ्फुसाचे जे कोपरे बंद पडलेले असतात तिकडे शरीर रक्त पाठवणं कमी करतं, तिथे पाठवून उपयोग नसतो म्हणून. वरून खूप ऑक्सिजन सोडला की ही अक्कल बिघडते, रक्त पुन्हा त्या बंद कोपऱ्यांकडे जायला लागतं आणि तिथे कार्बन डायऑक्साइड बाहेर टाकता येत नाही. शिवाय ऑक्सिजनने भरलेलं रक्त कार्बन डायऑक्साइड कमी धरून ठेवतं. तो साठत जातो, आणि साठलेला कार्बन डायऑक्साइड भुलीसारखं काम करतो. माणूस गुंगतो.

आता तुमचा मूळ प्रश्न. मानेचा स्नायू स्वतःहून काही ठरवत नाही, त्याला मेंदूतून हुकूम येतो. हुकूम यायचा थांबला तर दोरी सैल पडणार. तो दोन कारणांनी थांबतो. एक, गरज भागली. दोन, हुकूम देणाराच गुंगला किंवा स्नायू इतका थकला की हुकूम येऊन उपयोग नाही. बाहेरून मान दोन्ही वेळा सारखीच दिसते. शांत श्वासाला शरीराच्या एकूण ऑक्सिजनमधला दोन-तीन टक्केच खर्च होतो, पण मिनिटाला ३२ च्या वेगाने, मान, खांदे, पोट सगळं लावून घेतलेल्या श्वासाचा खर्च कितीतरी पटीने वाढतो. आठ तास ती वेठबिगारी कोणी करू शकत नाही.

तुमच्या बाबांच्या बाबतीत किती वाटा ऑक्सिजनचा आणि किती थकव्याचा, हे आता कोणी छातीठोक सांगू शकणार नाही, रात्री गॅस काढलेलाच नव्हता. त्यामुळे मीच केलं हे वाक्य खोडा. आणि ८४ ला ऑक्सिजन देणं चूक नाहीच, कमी ऑक्सिजनने माणूस लवकर जातो. तो ९० च्या आसपास आणून थांबायचं होतं, आणि नऊ वाजता दोन शब्दांच्या पुढे बोलता येत नाही म्हटल्यावर १०८ ला तेव्हाच बोलवायचं होतं. चूक म्हणायची तर ही म्हणा.

---

नाईट_ड्यूटी

सर, शिकवलं तसं लिहिलं. पण वॉर्डात मला कारण काहीही असलं तरी करायचं तेच असतं :)

बाकी सरांनी मानेचं सांगितलं ते शंभर टक्के. नवीन मुली येतात, हँडओव्हरला सांगतात "सात नंबर आता शांत झोपलेत". मी म्हणते उठव आणि नाव विचार. उठून चिडले तर बरं वाटलं म्हणून झोपलेत. नाव सांगता सांगता डोळे मिटले तर पळ, डॉक्टरला बोलव.

---

धायरीकर

हे वाचून दोन वेळा उठून फिरून आलो.

एक आठवलं. बायपॅप लावल्यावर तासाभराने पुन्हा गॅस काढला, पीएच ७.२८, कार्बन डायऑक्साइड ६९. संध्याकाळी ७.३४ आणि ५८. मधल्या काळात एक विचित्र गोष्ट झाली होती. पहाटे आणलं तेव्हा मान सैल होती. दुपारी बाबा जागे झाले, मास्क काढायला बघायला लागले, आणि मान परत ताठ! मी घाबरून सिस्टरला म्हटलं बिघडलं, तर ती म्हणाली, नाही काका, सुधारतंय. मला वाटलं समजूत काढतेय. मग रात्री पुन्हा सैल झाली, पण तेव्हा बाबा जागे होते आणि डाळ पातळ आहे म्हणून भांडत होते. म्हणजे चोवीस तासांत सैल, ताठ, सैल. पहिलं सैल वाईट, ताठ चांगलं, दुसरं सैल चांगलं. बरोबर?

---

निवृत्त_चेस्टवाला

तुम्ही नोकरी सोडून आमच्यात या.

फक्त "ताठ चांगलं" असं सुटं लिहू नका, कोणी घरी बसून वाचेल. गुंगीतून जागा होताना ताठ झाली म्हणून चांगलं. तसेच दोन दिवस ताठ राहिले असते तर आम्ही नळी घालायची तयारी केली असती.

---

जिमबाबा_कोथरूड

ओके सर समजलं. पण माझ्या क्लायंटचं खोटं नाही, पस्तिशीची आयटीवाली मुलं, स्ट्रेसमध्ये खांदे वर करून श्वास घेतात, त्यांना पोटाच्या श्वासाने फरक पडतोच.

---

छातीफिजिओ

पडतो, त्यांचा घुमट शाबूत आहे म्हणून. तुमचं तिथे बरोबर. (आणि कर्वेनगरची_आई, तुमच्यावर आपण हसलो खरे, पण दिवसभर वाकून बसून वरवरचे श्वास घेतले तर तीच मान थोडीफार राबते. उशीने जाईल की खुर्चीने हे मला इथून सांगता येणार नाही.)

एक दुरुस्ती माझ्याच पोस्टला. मान फक्त संकटात येते असं वाटलं असेल. त्यातले मागचे खोल पातळ स्नायू तुमच्याआमच्या शांत श्वासातही थोडं थोडं काम करतच असतात, सुई लावून मोजलं तर दिसतं. पुढची जाड दोरी मात्र शांत श्वासात गप्प असते. म्हणून बघायचं तर ती बघा.

---

कर्वेनगरची_आई

हसा हसा. खुर्ची बदलायला नवऱ्याला आता फिजिओचं पत्र दाखवते.

---

नांदेडफाटा

मी वेगळंच सांगणार आहे, आणि त्याने वरचं सगळं उलटं होईल कदाचित.

जानेवारी २०२५ मध्ये आमच्या सिंहगड रोडच्या पट्ट्यात जीबीएस आला होता, पाण्यातून जुलाब आणि मग हातपाय लुळे, तुम्हाला आठवत असेल, तेव्हा टँकर आणि उकळलेलं पाणी याशिवाय दुसरा विषय नव्हता. माझा मेव्हणा त्यात सापडला, वय ३८. आधी जिना चढेना, मग हात. ॲडमिट केलं. ऑक्सिजन ९८, श्वास फार वाढलेले नाहीत, मानेच्या दोऱ्याबिऱ्या काही नाही, चेहरा शांत. आम्ही बाहेर म्हणत होतो की छाती तरी वाचली. डॉक्टर मात्र दर दोन-तीन तासांनी येऊन दोनच गोष्टी करायचे. उशीवरून डोकं उचला म्हणायचे, आणि एका श्वासात मोठ्याने आकडे मोजा म्हणायचे. पहिल्या दिवशी २८ पर्यंत गेला. दुसऱ्या दिवशी सकाळी १७. संध्याकाळी ११, आणि डोकं उशीवरून उचलेना. ऑक्सिजन तेव्हाही ९७! त्याच रात्री व्हेंटिलेटर. आम्ही भांडलो डॉक्टरांशी, आकडा चांगला असताना कशाला म्हणून. नंतर कळलं त्यांनी वेळेत केलं. तीन आठवडे व्हेंटिलेटरवर होता, आज चालतो, पाय अजून थोडा ओढतो.

म्हणजे इथे मान कधी ताठ झालीच नाही. मग मान बघून काय कळणार?

---

निवृत्त_चेस्टवाला

उलटं नाही होत, उलट हाच या खुणेचा गळका भाग आहे. ताठ व्हायला स्नायू धडका लागतो. जीबीएसमध्ये नसाच गेलेल्या, त्यामुळे हुकूम निघतो, पोचत नाही. मेव्हणा आतून कितीही धडपडला असता तरी बाहेर दिसलं नसतं. डोकं उचलायला लावत होते कारण मान उचलणारे स्नायू आणि डायफ्रॅम यांच्या नसा मानेत जवळजवळच्याच मणक्यांतून निघतात, एक ढिला पडला की दुसऱ्याचा संशय घ्यायचा. आणि ऑक्सिजनचा आकडा अशा आजारात सगळ्यात शेवटी पडतो. त्याची वाट बघितली असती तर घाईत, भलत्या वेळी नळी घालावी लागली असती. तुमच्या डॉक्टरांना माझा नमस्कार.

कोविडमध्येही वेगळ्या कारणाने असंच दिसलं होतं. आकडा ८० आणि पेशंट मोबाईलवर गप्पा मारतोय, मान शांत. तिथे सुरुवातीला फुफ्फुस तितकं ताठ झालेलं नसायचं आणि कार्बन डायऑक्साइड बाहेर जात होता, त्यामुळे धाप जाणवायचीच नाही. म्हणून मान शांत म्हणजे सगळं ठीक, असं एकट्या मानेवरून कधीच म्हणायचं नाही.

---

पेठेतला_पुणेकर

थोडक्यात, ताठ असली तरी काळजी, सैल असली तरी काळजी. आमच्या वाड्याच्या मालकांसारखं.

---

सोनालीची_आजी

माझी नात आठ महिन्यांची. मागच्या महिन्यात कफ झाला तेव्हा तिची मान वगैरे काही दिसत नव्हती, गुबगुबीत आहे. पण प्रत्येक श्वासाला डोकं होकार दिल्यासारखं हलायचं आणि बरगड्यांखाली पोट आत ओढलं जायचं. आमच्या सासूबाई याला डबा म्हणायच्या. सून म्हणाली आजी ती खेळतेय, हो हो म्हणतेय. मी म्हटलं चल आधी दवाखान्यात. न्युमोनिया निघाला.

---

छातीफिजिओ

आजी, तुम्ही बरोबर ओळखलंत. तो होकार म्हणजे तोच मानेचा स्नायू. गुडघ्यावरच्या हातांचं आठवतंय ना, दोरीचं कोणतं टोक बांधलंय? मोठ्या माणसाचं डोकं मानेवर घट्ट धरलेलं असतं म्हणून स्नायू छाती उचलतो. बाळाला डोकं तेवढं घट्ट धरता येत नाही, म्हणून छातीऐवजी डोकंच खाली ओढलं जातं. या वयात पूर्ण एक मिनिट मोजून श्वास ५० किंवा जास्त आले तरी दाखवायचंच, आणि बरगड्यांखाली खड्डा पडत असेल तर मोजत न बसता निघायचं.

---

सोनालीची_आजी

सुनेला वाचून दाखवलं. ती आता प्रत्येक होकाराला घाबरते, हा एक नवीन ताप.

---

धायरीकर

अंगठ्यांचं राहिलं होतं, काल केलं. माझ्या पाठीवर आईने धरलं तर श्वास घेताना अंगठे एकमेकांपासून बोटभर लांब गेले. बाबांच्या पाठीवर मी धरलं तर ते जवळ आले! तीनदा करून बघितलं. बाबा म्हणाले काय शोधतोयस, मी म्हटलं घुमट.

---

छातीफिजिओ

नाही सापडणार :( सपाट पडदा खाली जायच्या ऐवजी खालच्या बरगड्यांना आत खेचतो, म्हणून अंगठे जवळ येतात. हे त्यांचं रोजचंच असेल, नवीन बिघाड समजू नका. त्यांची रोजची मान कशी दिसते तेही एकदा नीट बघून ठेवा, फोटो काढा हवं तर, सकाळी चहा घेताना शांत बसलेले असताना. त्यांची दोरी थोडी कायमच दिसत असणार. उद्या त्रास झाला तर तुलना तुमच्या मानेशी करायची नाही, त्या फोटोशी करायची.

---

नाईट_ड्यूटी

आणि मशीनच्या बटणाला दीडवर चिकटपट्टी लावा. गंमत नाही, खरंच सांगतेय. रात्री घाबरलेला माणूस बटणच फिरवतो.

---

निवृत्त_चेस्टवाला

चिकटपट्टीला माझा विरोध. ८० च्या खाली गेला आणि ॲम्ब्युलन्स यायला वेळ आहे तर थोडा वाढवावा लागेल, तेव्हा हा चिकटपट्टी सोडवत बसणार का? त्यांच्या डॉक्टरांकडून लिहून घ्या, किती आकड्याला किती लिटर आणि वरची हद्द कोणती.

---

नाईट_ड्यूटी

सर तुम्ही घरी कधी रात्री तीनला ऑक्सिजन वाढवलेला नातेवाईक बघितला नाहीत. तो कागद वाचत नाही. माझी चिकटपट्टी कायम.

---

धायरीकर

दोन्ही केलं. चिकटपट्टी लावली आणि डॉक्टरांकडून कागद लिहून आणला, फ्रिजवर आहे.

परवा आंघोळीनंतर बाबांना धाप लागली, स्टुलावर बसले, हात गुडघ्यांवर, दोरी ताठ. फोटोपेक्षा जास्तच होती. ऑक्सिजन ८८. मशीनला हात लावला नाही, पंप दिला, चंबू करून सोडायला सांगितलं, दहा मिनिटांनी मान सैल पडली. मी लगेच विचारलं, बाबा, आज वार कोणता?

म्हणाले, "गुरुवार आहे, आणि तू ऑफिसला न जाता इथे माझी परीक्षा घेत बसलायस, पंचा दे आधी."

एका श्वासात. मोजले मी, पंधरा शब्द.

---

पेठेतला_पुणेकर

पंधराच आहेत, मीही मोजले. बाबा पास.